उष्णता की उजेड? पॉलिईनचं वलय बंद होताना टोकं कुठे वळतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रोसायक्लिक अभिक्रियांवर येणारे प्रश्न बहुतेक त्याच चार-पाच जागांवर अडलेले असतात. नियम पाठ असतो, पण समोर रेणू आला की मिथाइल गट वर जाणार की खाली हे ठरवता येत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे: सहा पाय-इलेक्ट्रॉनांचा 2,4,6-ऑक्टाट्राईन. बाकीचे रेणू जिथे त्याच्यापेक्षा वेगळे वागतात तिथेच आणले आहेत.

1. इलेक्ट्रोसायक्लिक वलय-बंदी म्हणजे नेमकं काय होतं?

एकाआड एक दुहेरी बंध असलेली साखळी घोड्याच्या नालासारखी वळते. तिच्या दोन टोकांच्या कार्बनांमध्ये नवा एकेरी बंध तयार होतो आणि वलय पूर्ण होतं. एक पाय बंध खर्ची पडतो, उरलेले दुहेरी बंध एकेक घर सरकतात. हेक्साट्राईनपासून 1,3-सायक्लोहेक्साडाईन मिळतं ते असंच. बाहेरून कुठलाही अभिकारक लागत नाही आणि मध्ये आयन किंवा रॅडिकल तयार होत नाही. सगळे बंध एकाच पायरीत बदलतात. उलटी अभिक्रिया, म्हणजे वलय उघडणं, हीसुद्धा इलेक्ट्रोसायक्लिकच. तिला नियमही तेच लागू पडतात, कारण दोन्ही दिशांचा रस्ता एकच असतो.

2. कॉनरोटेटरी आणि डिसरोटेटरी मला चित्रात कळतं, पण मनात फिरवता येत नाही. काय करू?

दोन पेनं घ्या. प्रत्येक हातात एक पेन मधोमध धरा, दोन्ही आडवी. डाव्या पेनाचं टोपण डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. समजा, नालाची उघडी बाजू तुमच्याकडे आहे आणि ही पेनं म्हणजे तिची दोन टोकं. टोपण हा बाहेरच्या बाजूचा गट, मागचं टोक हा आतल्या बाजूचा गट.

आता दोन्ही पेनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरी फिरवा. डावं टोपण वर गेलं, उजवं खाली. दोघं एकाच दिशेने फिरले, ही कॉनरोटेटरी गती. पुन्हा आडवी धरा. या वेळी डावं पेन घड्याळाच्या दिशेने आणि उजवं उलट दिशेने फिरवा. दोन्ही टोपणं वर आली. ही डिसरोटेटरी गती.

हे एकदा हातांनी केलं की घोकंपट्टीची गरज उरत नाही. बाहेर असलेले दोन गट डिसरोटेटरी गतीत वलयाच्या एकाच बाजूला येतात आणि कॉनरोटेटरी गतीत विरुद्ध बाजूंना जातात. आता एक टोपण बाहेर आणि एक आत करून बघा. उत्तर बरोबर उलटं येतं. पुढची सगळी उत्तरं या दोन पेनांवरच उभी आहेत.

3. कोणती गती होणार हे कशावरून ठरतं?

दोन गोष्टींवरून: भाग घेणारे पाय-इलेक्ट्रॉन किती, आणि अभिक्रिया उष्णतेने चालते की उजेडाने. इलेक्ट्रॉन 4n असतील (4, 8) तर उष्णतेने कॉनरोटेटरी, उजेडाने डिसरोटेटरी. 4n+2 असतील (2, 6, 10) तर उष्णतेने डिसरोटेटरी, उजेडाने कॉनरोटेटरी. वुडवर्ड आणि हॉफमन यांनी 1965 मध्ये मांडलेला नियम तो हाच.

यातली एकच ओळ लक्षात ठेवली तरी पुरतं: चार इलेक्ट्रॉन, उष्णता, कॉनरोटेटरी. दोन इलेक्ट्रॉन वाढवले की उत्तर उलटतं आणि उष्णतेच्या जागी उजेड आला की पुन्हा उलटतं.

4. पण *का*? ऑर्बिटलांचं स्पष्टीकरण सोप्या भाषेत द्याल का?

टोकाच्या कार्बनावरचं p ऑर्बिटल सुरुवातीला उभं असतं, एक पाकळी वर आणि एक खाली. टोक फिरलं की पाकळी आडवी होते आणि समोरच्या टोकाच्या पाकळीला भिडते. भिडणाऱ्या दोन्ही पाकळ्यांचं चिन्ह सारखं असेल तर बंध जुळतो, विरुद्ध असेल तर ढकलाढकल होते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की इलेक्ट्रॉन असलेल्या सर्वांत वरच्या ऑर्बिटलात, म्हणजे होमोमध्ये, दोन्ही टोकांच्या वरच्या पाकळ्या एकाच चिन्हाच्या आहेत का.

हेक्साट्राईनमध्ये सहा इलेक्ट्रॉन, म्हणून तीन ऑर्बिटलं भरलेली आणि तिसरं हे होमो. त्यात दोन नोड असतात. सहा कार्बनांवरच्या वरच्या पाकळ्यांची चिन्हं ओळीने अशी येतात: + + − − + +. दोन्ही टोकं सारखी. आता पेनांकडे परत या. डिसरोटेटरी गतीत दोन्ही वरच्या पाकळ्या आत वळून एकमेकींना भिडतात, चिन्हं जुळतात, बंध होतो. कॉनरोटेटरी गतीत डावीकडची वरची पाकळी उजवीकडच्या खालच्या पाकळीला भिडेल आणि चिन्हं विरुद्ध पडतील.

ब्यूटाडाईनमध्ये होमो दुसरं ऑर्बिटल आहे, नोड एकच, चिन्हं + + − −. टोकं विरुद्ध आहेत, म्हणून तिथे कॉनरोटेटरी.

उजेड शोषल्यावर एक इलेक्ट्रॉन वरच्या ऑर्बिटलात जातो. हेक्साट्राईनमध्ये ते चौथं. त्यात तीन नोड आहेत, म्हणजे टोकांची चिन्हं विरुद्ध होतात आणि गती कॉनरोटेटरी होते. ऑर्बिटलाचा क्रमांक एकाने वाढला की नोड एकाने वाढतो आणि टोकाचं चिन्ह पालटतं. संपूर्ण नियमाच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट आहे.

5. एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून दाखवा.

(2E,4Z,6E)-ऑक्टाट्राईन घेऊ. आठ कार्बनांची साखळी, त्यात C2 ते C7 हे सहा कार्बन पाय-व्यवस्थेत. बंध C2 आणि C7 यांच्यात होणार. या दोघांवर प्रत्येकी एक मिथाइल आणि एक हायड्रोजन आहे.

पहिलं काम म्हणजे रेणू नालाच्या आकारात काढणं. मधला बंध Z आहे म्हणून हा आकार शक्य होतो. टोकाचा दुहेरी बंध E असेल तर त्याचं मिथाइल नालाच्या बाहेर पडतं, Z असेल तर आत. आपल्याकडे दोन्ही E, म्हणजे दोन्ही मिथाइल बाहेर.

दुसरं काम गती ठरवणं. सहा इलेक्ट्रॉन आणि उष्णता, म्हणून डिसरोटेटरी. दोन्ही टोपणं बाहेर आणि डिसरोटेटरी गती, तेव्हा दोन्ही मिथाइल एकाच बाजूला. उत्तर: *सिस*-5,6-डायमिथाइल-1,3-सायक्लोहेक्साडाईन. प्रत्यक्षात 130 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की हेच मिळतं. त्याच ट्राईनवर उजेड टाकला तर गती कॉनरोटेटरी होते आणि *ट्रान्स* वलय येतं.

आता एक टोक बदला: (2E,4Z,6Z). एक मिथाइल बाहेर, दुसरं आत. उष्णतेने डिसरोटेटरी गती, आणि उत्तर *ट्रान्स*. इथे बरेच जण "उष्णता म्हणजे सिस" असं पाठ करून फसतात. नियम फक्त गती सांगतो. सिस की ट्रान्स हे सुरुवातीच्या रेणूच्या E, Z वर अवलंबून आहे. ही अभिक्रिया तापमानही जास्त मागते, 180 अंशांच्या जवळपास. वलय बंद होताना आतलं मिथाइल समोरच्या टोकाला अडचण करतं, त्याची ही किंमत.

6. प्रयोगशाळेत सिस मिळालं की ट्रान्स, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पहिला विचार एनएमआरमधले सिग्नल मोजण्याचा येतो आणि तो इथे कामाचा नाही. सिस रेणूत (वलयाची उलटापालट धरून) आरशाची सममिती आहे, ट्रान्समध्ये दुहेरी अक्ष आहे. दोन्हींत दोन मिथाइल एकमेकांसारखीच दिसतात, म्हणून दोन्हींचे सिग्नल तितकेच येतात.

फरक दुसरीकडे आहे. सिस हा मेसो, ट्रान्स हा चिरल. साध्या उष्णतेने किंवा साध्या उजेडाने झालेला ट्रान्स रेसिमिक असतो, म्हणून योग्य चिरल स्तंभावर त्याच्या दोन शिखा वेगळ्या होऊ शकतात. सिसची शिखा कुठल्याही स्तंभावर एकच राहते.

जुना मार्ग हायड्रोजन जोडून 1,2-डायमिथाइलसायक्लोहेक्सेन करण्याचा. त्याच्या दोन्ही रूपांचे उत्कलनबिंदू वेगळे आहेत, सिसचा 130 अंशांच्या जवळ आणि ट्रान्सचा 123 ते 124, त्यामुळे वायू वर्णलेखनात माहीत असलेल्या नमुन्यांशी तुलना करता येते. सावधगिरी एकच: उत्प्रेरकावर दुहेरी बंध सरकू शकतात आणि ते मिथाइल असलेल्या कार्बनापर्यंत पोचले तर मूळची रचना पुसली जाते. दोन्ही रूपांचं मिश्रण दिसलं तर आधी या पायरीवर संशय घ्या, नियमावर नंतर.

7. तापवल्यावर अपेक्षित वलयासोबत भलतेच पदार्थ मिळाले. नियम चुकला का?

बहुधा नाही. 1,3-सायक्लोहेक्साडाईन जास्त तापवलं की त्यात 1,5-हायड्रोजन-सरक होते. sp3 कार्बनावरचा हायड्रोजन वलयावर सरकतो आणि मिथाइल असलेला कार्बन सपाट होतो. म्हणजे ज्या केंद्रावरून आपण गती ओळखणार तेच नाहीसं होतं. आत वळलेलं मिथाइल असलेल्या ट्राईनमध्ये तर वलय बंद होण्याआधीच मिथाइलवरचा हायड्रोजन सरकू शकतो. म्हणून ठरावीक वेळाने थोडे थोडे नमुने काढून बघावेत. भलता पदार्थ पहिल्यापासून वाढत असेल तर ती स्पर्धा आहे. आधी वलय वाढून मग घटत असेल तर वलयाचं पुढे काहीतरी होतंय.

8. ब्यूटाडाईन तापवून सायक्लोब्यूटीन का मिळत नाही? नियम तर कॉनरोटेटरी बंदीला परवानगी देतो.

नियम रस्ता मोकळा आहे की नाही ते सांगतो, उतार कुठल्या दिशेला आहे ते सांगत नाही. सायक्लोब्यूटीनच्या वलयात इतका ताण असतो की ते उघडून ब्यूटाडाईन झाल्यावर मोलमागे सुमारे 11 किलोकॅलरी सुटतात. म्हणून उष्णतेत चार कार्बनांचं वलय उघडतं, सहा कार्बनांचं बंद होतं. चार इलेक्ट्रॉनांच्या कॉनरोटेटरी गतीचा पुरावाही वलय उघडण्यातूनच मिळाला आहे. *सिस*-3,4-डायमिथाइलसायक्लोब्यूटीनपासून (2E,4Z)-हेक्साडाईन येतं, *ट्रान्स*पासून (2E,4E).

उजेडात मात्र चढावर जाता येतं. ब्यूटाडाईन 217 नॅनोमीटरच्या आसपास शोषतं. सायक्लोब्यूटीनमध्ये दुहेरी बंध एकटाच असल्यामुळे ते त्या तरंगलांबीला जवळपास पारदर्शक असतं. एकदा वलय झालं की त्याला परत उघडायला उजेडच मिळत नाही, म्हणून ते साठत जातं.

9. *ट्रान्स*-डायमिथाइलसायक्लोब्यूटीनमधून (2Z,4Z) का येत नाही? तीही कॉनरोटेटरी गतीच आहे ना?

आहे. कॉनरोटेटरी गती दोन प्रकारे होऊ शकते, दोन्ही टोकं घड्याळाच्या दिशेने किंवा दोन्ही उलट दिशेने. *ट्रान्स* रेणूत एका प्रकारे दोन्ही मिथाइल बाहेर वळतात, दुसऱ्या प्रकारे दोन्ही आत. वुडवर्ड-हॉफमन नियम या दोघांत निवड करत नाही. ही निवड, म्हणजे टॉर्कोसिलेक्टिव्हिटी, वेगळ्या कारणांनी होते. मिथाइलसारखे इलेक्ट्रॉन देणारे गट बाहेर जातात, आणि त्यामागे केवळ गर्दी नाही. याचा पुरावा म्हणजे 3-फॉर्मिलसायक्लोब्यूटीन. इलेक्ट्रॉन ओढणारा फॉर्मिल गट चक्क आत वळतो. हूक यांच्या गटाने हे आधी गणिताने वर्तवलं आणि मग प्रयोगात तसंच दिसलं. गर्दीचाच विचार केला असता तर उत्तर चुकलं असतं.

10. "निषिद्ध" अभिक्रिया खरंच होत नाही का?

होते, पण महाग पडते. चार कार्बनांच्या वलयाला पाच कार्बनांचं वलय सिस जोडलेलं असलेला रेणू बघा, *सिस*-बायसायक्लो[3.2.0]हेप्ट-6-ईन. तो कॉनरोटेटरी गतीने उघडला तर सात कार्बनांच्या वलयात एक ट्रान्स दुहेरी बंध कोंबावा लागेल, आणि तो ताण त्याला परवडत नाही. म्हणून साधं सायक्लोब्यूटीन ज्या तापमानाला सहज उघडतं तिथे हा रेणू स्वस्थ बसतो. 300 अंशांच्या वर गेल्यावर कुठे उघडतो.

ड्यूअर बेंझिनचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्याचं बेंझिन झालं तर मोलमागे 60 किलोकॅलरींहून जास्त ऊर्जा सुटेल. तरीही खोलीच्या तापमानाला त्याचं अर्धायुष्य सुमारे दोन दिवस भरतं. समोर एवढा मोठा उतार असून रेणू दोन दिवस थांबतो, कारण कॉनरोटेटरी गती वलयांमुळे अशक्य आणि डिसरोटेटरी गती सममितीमुळे महाग.

11. उजेडाच्या अभिक्रियांत मला नेहमी मिश्रण मिळतं. नियम तिथे तितकाच पक्का आहे का?

तितका नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. उजेडाने ट्राईनचा मधला Z बंध E होऊ शकतो, आणि तसा रेणू वलय बंद करूच शकत नाही. तयार झालेलं सायक्लोहेक्साडाईनही त्याच भागात, 260 नॅनोमीटरच्या आसपास, शोषून परत उघडतं. म्हणून शेवटी जे उरतं तो एक प्रकाशस्थिर समतोल असतो आणि त्यातलं प्रमाण दिव्याच्या तरंगलांबीवर ठरतं. साध्या अल्काइल सायक्लोब्यूटीनची उजेडात वलय-उघडणी तर अपेक्षित डिसरोटेटरी उत्पादनाबरोबर दुसरंही देते.

प्रश्न 4 मधलं चौथ्या ऑर्बिटलाचं चित्र हे उत्तर पटकन काढण्याचं साधन आहे. प्रत्यक्षात उत्तेजित रेणू दोन ऊर्जा-पृष्ठभाग जिथे एकमेकांना भिडतात त्या जागेतून खाली उतरतो, आणि तिथून एकाहून जास्त वाटा फुटतात. आणखी एक अट: नियम थेट शोषणाने आलेल्या सिंग्लेट अवस्थेपुरता आहे. संवेदक वापरून ट्रिप्लेट तयार केला तर बंध एकाच पायरीत होत नाहीत आणि गतीचा नियम लावण्यात अर्थ राहत नाही.

12. एकाच ट्राईनपासून उष्णतेने एक आणि उजेडाने दुसरं, असं निसर्गातल्या रेणूत दिसतं का?

प्री-व्हिटॅमिन डी मध्ये अगदी लख्ख दिसतं. त्वचेतल्या 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉलमध्ये सायक्लोहेक्साडाईनचं वलय असतं. अतिनील किरणांनी ते कॉनरोटेटरी गतीने उघडतं आणि प्री-व्हिटॅमिन हा ट्राईन मिळतो. शरीराच्या उबेत त्यात 1,7-हायड्रोजन-सरक होऊन व्हिटॅमिन डी तयार होतं.

आता तोच प्री-व्हिटॅमिन दोन प्रकारे बंद करा. उजेडाने 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल परत येतं किंवा ल्युमिस्टेरॉल मिळतं. दोन्हींत C9 चा हायड्रोजन आणि C10 चं मिथाइल विरुद्ध बाजूंना असतात. जास्त तापवून पायरो आणि आयसोपायरो ही रूपं मिळतात, त्या दोन्हींत हे गट एकाच बाजूला. प्रत्येक वेळी दोन पदार्थ का? कारण गती दोन्ही दिशांनी होऊ शकते (प्रश्न 9) आणि रेणूतली बाकीची चिरल केंद्रं त्या दोन्हींना वेगळं करतात. या विरोधाकडे हॅविंगा यांनी 1961 मध्येच, नियम मांडला जाण्याआधी, बोट दाखवलं होतं. हा नियम एखाद्याला पटवायचा तर मी ऑर्बिटलांच्या आधी हे चार पदार्थ फळ्यावर काढेन.

13. इलेक्ट्रॉन मोजायचे की कार्बन?

इलेक्ट्रॉन, नेहमीच. नाझारोव्ह अभिक्रियेत पाच कार्बनांचा पेंटाडायनिल धनायन बंद होतो. कार्बन पाच असले तरी पाय-इलेक्ट्रॉन चार, म्हणून उष्णतेने कॉनरोटेटरी. वलयाच्या बाहेर लटकणारे दुहेरी बंधही मोजायचे नसतात. जे बंध प्रत्यक्ष सरकतात त्यांचेच इलेक्ट्रॉन धरायचे.

14. परीक्षेत आठ इलेक्ट्रॉनांचा टेट्राईन आला, आणि उत्तरात दोन वलयं होती! हे कसं?

दोन अभिक्रिया पाठोपाठ झाल्या. (2E,4Z,6Z,8E)-डेकाटेट्राईनमध्ये आठ इलेक्ट्रॉन, म्हणून उष्णतेने कॉनरोटेटरी. दोन्ही मिथाइल बाहेर, म्हणून *ट्रान्स*-7,8-डायमिथाइलसायक्लोऑक्टाट्राईन. ही बंदी खोलीच्या तापमानालाही होते.

पण तयार झालेल्या वलयात आता तीन दुहेरी बंध सलग आहेत, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन. ते वलयाच्या आतच पुन्हा बंद होतात, या वेळी डिसरोटेटरी, आणि चार व सहा कार्बनांची जोडवलयं मिळतात. डिसरोटेटरी गतीमुळे जोडावरचे दोन हायड्रोजन एकाच बाजूला येतात. मिथाइल असलेल्या कार्बनांना दुसऱ्या पायरीत हात लागत नाही, ते ट्रान्सच राहतात. उत्तर लिहिताना दोन्ही पायऱ्यांचे इलेक्ट्रॉन वेगवेगळे मोजा. पहिल्याच मोजणीवर दुसरी पायरी उरकली तर जोड ट्रान्स येतो, आणि चार कार्बनांच्या वलयाला तसं जोडलेलं पाहिलं की तिथेच थांबून मोजणी पुन्हा करावी.